रिक्षाची रांग, दोन फोटो आणि एक पट्टी

संध्याकाळी सात-साडेसातला ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला, सॅटिसच्या पुलाखाली रिक्षासाठी रांग लागलेली असते. पावसाळ्यात ती वाढते आणि मग कधीतरी एखाद्या पेपरच्या ठाणे पुरवणीत तिचा फोटो येतो. डोक्याला डोकं लागलेलं, छत्रीत छत्री अडकलेली, आणि खाली ओळ, ‘रिक्षांअभावी ठाणेकरांचे हाल’. याच रांगेचा, त्याच मिनिटाला काढलेला दुसरा फोटो पाहून मात्र कुणीही म्हणेल, ‘बरी शिस्तीत चाललीय की!’ दोन्ही फोटो खरे असतात आणि दोन्हींत कॉम्प्युटरवर कुणी काडीचा बदल केलेला नसतो.

बातमीतला फोटो खटकला की आपण लगेच ‘फोटोशॉप केलंय’ म्हणून मोकळे होतो. पेपरच्या डेस्कवर फोटोओळी लिहिणाऱ्या माणसाला विचाराल तर तो सांगेल की तसले फोटो क्वचित येतात. फोटोचा अर्थ त्याच्या कितीतरी आधी ठरून गेलेला असतो. फोटोग्राफर कुठे उभा राहिला, चौकट कुठे कापली आणि खाली काय लिहिलं, यावर तो ठरतो. यातली पहिली गोष्ट सगळ्यात कमी बोलली जाते, आणि गंमत म्हणजे ती छापील फोटोवर पट्टी ठेवून तपासता येते. म्हणून तिच्यापासून सुरुवात करू.

उभं राहण्याची जागा

समजा, रांगेत वीस माणसं आहेत आणि दोघांमध्ये साधारण एक मीटर अंतर आहे. म्हणजे पहिल्यापासून विसाव्यापर्यंत १९ मीटर.

आता एक जण मोबाइल घेऊन रांगेच्या टोकाशी, जवळच्या माणसापासून दोन मीटरवर उभा राहतो. त्याच्यापासून जवळचा माणूस २ मीटरवर आणि लांबचा २१ मीटरवर आहे. वस्तू जितक्या पट लांब, तितक्या पट ती फोटोत लहान दिसते. त्यामुळे लांबचा माणूस जवळच्याच्या जेमतेम एक दशांश दिसेल. रांग दूरवर निमुळती होत गेलेली, लांबच लांब वाटेल, पण जवळच्या माणसांमधली मोकळी जागा स्पष्ट दिसेल.

दुसरा फोटोग्राफर रस्त्याच्या पलीकडे, ४० मीटर मागे जातो आणि लांबचं मोठं दाखवणारी टेली लेन्स लावतो. आता जवळचा माणूस ४० मीटरवर आणि लांबचा ५९ मीटरवर आहे. लांबचा माणूस जवळच्याच्या दोन तृतीयांश दिसतो. सगळी डोकी जवळपास सारखी, एकमेकांना चिकटलेली. तोच एक मीटर आता कुठे दिसतच नाही.

म्हणजे जवळून काढलेल्या फोटोत रांग लांब भासते आणि लांबून काढलेल्या फोटोत दाट भासते. वाचकाला या दोन वेगळ्या गोष्टी वाटत नाहीत, तो दोन्हींचा अर्थ ‘खूप गर्दी’ असाच घेतो.

याचं खापर लेन्सवर फोडण्याची पद्धत आहे, ते तितकंसं बरोबर नाही. लेन्स फक्त किती भाग चौकटीत घ्यायचा ते ठरवते. माणसं एकमेकांच्या तुलनेत केवढी दिसणार, हे कॅमेरा किती लांब आहे यावर ठरतं. खात्री करायची असेल तर चाळीस मीटरवरून साध्या मोबाइलने फोटो काढा आणि मधला भाग मोठा करून पाहा. फोटो फुटेल, दाणे दिसतील, पण माणसं तशीच चिकटलेली दिसतील. टेली लेन्सचा फायदा एवढाच की तेच चित्र स्वच्छ मिळतं.

एप्रिल २०२० मध्ये डेन्मार्कच्या रित्झाऊ स्कॅनपिक्स या छायाचित्रसंस्थेच्या दोन फोटोग्राफरांनी हेच करून दाखवलं. करोनामुळे लोक अंतर पाळतात की नाही, यावर तिथे वाद चालू होता. त्यांनी त्याच ठिकाणची तीच माणसं एकदा टेली लेन्सने आणि एकदा रुंद भाग टिपणाऱ्या वाइड लेन्सने, वेगळ्या जागेवरून टिपली. एकात लोक खांद्याला खांदा लावून उभे असल्यासारखे, दुसऱ्यात नीट अंतर राखून बसलेले. आपल्याकडेही त्याच काळात बाजारांचे आणि रांगांचे फोटो ‘नियम धाब्यावर’ या मथळ्याखाली येत होते. त्यातल्या कितीकांत नियम खरोखर धाब्यावर होते आणि कितीकांत फोटोग्राफर चाळीस मीटरवर होता, हे फोटोवरून अंदाजाने सांगता आलं असतं. ते असं.

पट्टी ठेवून बघा

रिक्षास्टँडच्या फोटोत एक आयती सोय असते. आपल्याकडच्या काळ्या-पिवळ्या रिक्षा उंचीला जवळपास सारख्या. एका रिक्षाची लांबी साधारण अडीच मीटरच्या थोडी वर. एकामागे एक उभ्या असतील तर मधली फट धरून दर रिक्षेमागे तीन मीटर मोजायला हरकत नाही.

छापील फोटोत सगळ्यात जवळच्या रिक्षाची उंची पट्टीने मोजा. समजा ती ३० मिलिमीटर भरली. मग सहाव्या रिक्षाची मोजा. समजा ती २२ मिलिमीटर भरली. पहिल्या आणि सहाव्या रिक्षामध्ये पाच टप्पे, म्हणजे १५ मीटर. आता या १५ मीटरला लहान उंचीने, म्हणजे २२ ने गुणा आणि दोन उंचींतल्या फरकाने, म्हणजे ८ ने भागा. उत्तर येतं सुमारे ४१. फोटोग्राफर पहिल्या रिक्षापासून चाळीसेक मीटरवर होता.

तोच जर तीन मीटरवर उभा असता तर सहावी रिक्षा १८ मीटरवर पडली असती, आणि पहिली ३० मिलिमीटर असताना सहावी फक्त ५ मिलिमीटर भरली असती. हा फरक इतका मोठा आहे की पट्टी घेतली नाही तरी नजरेला कळतो. मागची वस्तू पुढच्याइतकीच मोठी दिसत असेल तर मधलं अंतर गिळलं गेलंय असं समजावं.

या हिशेबाची एक चांगली बाजू म्हणजे फोटो कापला, मोठा केला किंवा लहान केला तरी दोन उंचींचं गुणोत्तर बदलत नाही. मर्यादाही आहेत. तीन मीटरचा अंदाज चुकला तर उत्तर त्याच प्रमाणात चुकतं. मोबाइलच्या सगळ्यात रुंद लेन्सने काढलेल्या फोटोत कडेच्या वस्तू ताणल्या जातात, तिथे मोजू नये. आणि पॅनोरमाला हा नियम लावूच नये. उत्तर ‘३० ते ५० मीटर’ असं आलं तरी आपलं काम भागतं, कारण दोन मीटर की चाळीस, एवढंच आपल्याला ठरवायचं असतं.

कॅमेऱ्याची उंची त्याहून सोपी. सपाट जागेवर उभ्या माणसांच्या फोटोत जवळच्या-लांबच्या सगळ्यांचे डोळे एकाच आडव्या रेषेवर येत असतील तर कॅमेरा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर होता. अशा फोटोत पुढच्या डोक्यांमागे जमीन दिसतच नाही, आणि जमीन दिसली नाही की मोकळी जागाही दिसत नाही. मागची डोकी पुढच्यांपेक्षा वर सरकत गेली असतील तर कॅमेरा उंचावर होता. सॅटिसच्या जिन्यावरून, पाच-सहा मीटर उंचीवरून खाली बघून फोटो काढला तर पायांमधली फरशी दिसते आणि माणसं मोजता येतात. सभेच्या गर्दीवरून दोन पक्षांत जेव्हा आकड्यांची भांडणं होतात तेव्हा व्यासपीठावरून काढलेला फोटो कोण दाखवतंय आणि गच्चीवरून काढलेला कोण, हे बघितलं की अर्धं भांडण कळतं.

यात फोटोग्राफरची लबाडी असतेच असं अजिबात नाही. पोलिसांनी दोरी बांधली की लांबूनच फोटो काढावा लागतो. पावसात महागडा कॅमेरा घेऊन माणूस आडोसा शोधतो, आणि आडोसा असेल तिथूनच फोटो मिळतो. शिवाय रिक्षाची रांग काही स्थिर गोष्ट नाही. कल्याणकडून एक फास्ट आणि सीएसएमटीकडून एक स्लो लागोपाठ आली की रांग फुगते आणि दहा मिनिटांनी ओसरते. फोटोग्राफर अर्थातच फुगलेली रांग टिपणार. ओसरलेल्या रांगेच्या फोटोला पानात जागा कोण देईल? पण मग ओळीत वेळ असायला हवी.

ओळ

फोटोओळ बहुतेक वेळा फोटोग्राफर लिहीत नाही. तो रात्री आठला ‘रिक्षा रांग, ठाणे वेस्ट’ एवढं लिहून दहा फोटो पाठवतो आणि पुढच्या असाइनमेंटला जातो. साडेदहाला पान लावताना उपसंपादक एक फोटो निवडतो आणि पंधरा-वीस शब्द लिहितो. तो स्टेशनवर नव्हता. त्याच्यासमोर फोटो आहे, शेजारची बातमी आहे आणि अंक सोडायची वेळ आहे.

आता त्याच फोटोखाली या चार ओळी लावून पाहा. ‘ठाणे स्थानकाबाहेर मंगळवारी सायंकाळी रिक्षासाठी रांगेत उभे असलेले प्रवासी.’ ‘पावसामुळे ठाणेकरांचे हाल.’ ‘रिक्षाचालकांच्या मुजोरीने प्रवासी वेठीस.’ ‘पावसातही ठाणेकरांची शिस्त कायम.’ फोटोतला एक ठिपकाही बदललेला नाही, पण तिसऱ्या ओळीनंतर आपण कडेला उभा असलेला रिक्षावाला शोधतो आणि तो आपल्याला उर्मट दिसायला लागतो. चौथ्या ओळीनंतर त्याच्याकडे लक्षही जात नाही. चेहऱ्यावर काय आहे हे आपण बघत असतो असं वाटतं. खरं तर ओळीने सांगितलेलं आपण चेहऱ्यावर शोधत असतो.

ओळ तपासताना मी तिचे तीन तुकडे करतो. फोटोत दिसतं ते एक, विचारल्याशिवाय कळलं नसतं ते दुसरं, आणि लिहिणाऱ्याने ठरवलं ते तिसरं. रांग दिसते. मंगळवार दिसत नाही, पण तो विचारून कळतो आणि पडताळता येतो. मुजोरी फोटोत दिसणं शक्य नाही. कुणी भाडं नाकारलं असेल तर ती बातमी आहे, तिला माणूस हवा, वेळ हवी, शक्य असेल तर रिक्षाचा नंबर हवा. ते बातमीत असू दे, फोटोच्या खांद्यावर ते ओझं टाकू नये. असोसिएटेड प्रेस म्हणजे एपी ही वृत्तसंस्था फोटोओळीची रचनाच ठरवून देते. पहिल्या वाक्यात फोटोत काय चाललंय, कुठे आणि कधी, ते वर्तमानकाळात सांगायचं, आणि मागचा-पुढचा संदर्भ दुसऱ्या वाक्यात द्यायचा. वाचायला हे रुक्ष लागतं, मान्य. पण दिसलेलं आणि सांगितलेलं यात भिंत उभी राहते.

एका क्रियापदाने केवढा फरक पडतो याचं गाजलेलं उदाहरण ऑगस्ट २००५ मधलं आहे. अमेरिकेत कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्स शहर पाण्यात होतं. एपीच्या फोटोत एक कृष्णवर्णीय तरुण छातीएवढ्या पाण्यातून सामान घेऊन चाललेला. ओळ अशी की त्याने किराणा दुकान लुटलं. एएफपी या दुसऱ्या संस्थेच्या फोटोत गोऱ्या वर्णाची दोन माणसं तशीच पाण्यातून सामान घेऊन जाताना. ओळ अशी की त्यांना दुकानातला पाव आणि शीतपेय सापडलं. दोन्ही फोटो इंटरनेटवर शेजारी शेजारी लागले आणि गहजब झाला. एपीने खुलासा केला की आमच्या फोटोग्राफरने त्या तरुणाला दुकानात शिरून माल आणताना पाहिलं होतं. दुसऱ्या फोटोग्राफरचं म्हणणं होतं की वस्तू दुकानाबाहेर तरंगत होत्या, त्या माणसांनी त्या उचलल्या. दोघांनी आपापल्यापुरतं खरं लिहिलं असेलही. पण वाचकापुढे चौकटीत फक्त पाण्यातली माणसं आणि हातातलं सामान होतं. दुकानात शिरताना पाहिलं, ही माहिती ओळीत घातली असती तर वाचकाला ‘लुटलं’ हा शब्द तोलून तरी पाहता आला असता.

आपल्याकडचा धोका थोडा वेगळ्या जागी आहे, तो म्हणजे शेजारच्या बातमीत. रिक्षावाल्याने प्रवाशाला मारहाण केल्याची बातमी येते, घटनास्थळाचा फोटो नसतो, म्हणून संग्रहातला रिक्षास्टँडचा फोटो लावला जातो. खाली बारीक टायपात ‘प्रातिनिधिक छायाचित्र’. पण फोटोत एका चालकाचा चेहरा स्वच्छ ओळखू येतो, नंबरप्लेटही वाचता येते. त्याच्या स्टँडवरचे लोक, त्याच्या मुलांचे शिक्षक ते बारीक अक्षर वाचत नाहीत. माझ्या मते अशा जागी ओळखू येणारा माणूस असलेला फोटो लावूच नये. चौकट मीटरवर, हँडलवर, छपरांच्या रांगेवर आणावी. पानात ते तितकं उठावदार दिसत नाही म्हणून डेस्कवर कुरकुर होते, होऊ दे.

चुकीच्या ओळीमुळे मोठा सन्मान हातचा गेल्याचंही उदाहरण आहे. २०१५ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेने जोवानी त्रोइलो या फोटोग्राफरच्या मालिकेला दिलेला पुरस्कार काढून घेतला. मालिका बेल्जियममधल्या शार्लरुआ शहरावर होती, पण त्यातला एक फोटो ब्रसेल्समधल्या मोलेनबेकमध्ये काढला असल्याचं निघालं.

कापणं चालतं, पुसणं चालत नाही

आता शेवटी कॉम्प्युटर. एपीचा नियम सोपा आहे. फोटो कापता येतो, उजेड-सावली माफक सुधारता येते, सेन्सरवरच्या धुळीचे डाग काढता येतात. चौकटीतलं काही काढता किंवा घालता येत नाही. फ्लॅशमुळे डोळे लाल आले तर तेसुद्धा काळे करायला परवानगी नाही.

वरवर पाहता यात विसंगती वाटते. सप्टेंबर २०१३ मध्ये नार्सिसो कोंत्रेरास या फोटोग्राफरने सीरियातल्या एका लढवय्याचा फोटो काढला. कोपऱ्यात सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा आला होता. त्याने तो पुसून तिथे आजूबाजूची जमीन भरली. पुढे त्याने स्वतःच हे संपादकांना सांगितलं. एपीने त्याचे जवळजवळ ५०० फोटो तपासले, दुसऱ्या कुठल्याही फोटोत गडबड सापडली नाही, तरी जानेवारी २०१४ मध्ये त्याच्याशी संबंध तोडले आणि त्याचे सगळे फोटो संग्रहातून काढले. तोच कोपरा त्याने कापून टाकला असता तर? कुणी काही बोललं नसतं. वाचकाला कॅमेरा तेव्हाही दिसला नसता.

मग फरक काय? कापलेल्या फोटोत चौकटीबाहेर काहीतरी आहे हे प्रत्येकाला ठाऊक असतं आणि चौकटीच्या आत आहे ते तिथे होतं. पुसलेल्या फोटोत चौकटीच्या आत अशी जमीन आहे जी तिथे दिसत नव्हती. एकदा हे चालवून घेतलं की कॅमेऱ्याच्या जागी पोलीस आणि पोलिसाच्या जागी प्रेत, कुठे थांबायचं हे कोण ठरवणार? शिक्षा मला आजही जड वाटते, पण रेषा त्यांनी योग्य जागी आखली होती.

दोन फोटो जोडल्याचं उदाहरण मार्च २००३ मधलं. लॉस एंजेलिस टाइम्सच्या ब्रायन वॉल्स्की यांनी इराकमधल्या बसराजवळचे, काही क्षणांच्या अंतराने काढलेले दोन फोटो जोडले. एकातला सैनिकाचा हात उठावदार होता, दुसऱ्यातला मूल घेतलेला माणूस. पकडलं कशावरून, तर मागे बसलेल्या गर्दीतली काही माणसं दोनदा दिसत होती. त्यांना लगेच काढून टाकण्यात आलं. आपल्याकडे डिसेंबर २०१५ मध्ये सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने पंतप्रधानांच्या चेन्नई पूरपाहणीचा फोटो टाकला. विमानाच्या खिडकीतून बुडालेली घरं भलतीच स्वच्छ दिसत होती. लोकांनी ते हेरलं. कार्यालयाने फोटो मागे घेतला आणि दोन फोटो एकत्र केल्याचं मान्य केलं. दोन्ही ठिकाणी उपकरण लागलं नाही, पार्श्वभूमीकडे बघायची सवय पुरली. आपली नजर मुख्य माणसावर खिळते आणि जोड मात्र नेहमी मागे, कडेला, सावलीत असतो.

रस्त्यावरच्या पाण्याच्या फोटोतही पार्श्वभूमीच कामाला येते. दर जुलैत ठाण्यातल्या तुंबलेल्या रस्त्यांचे जुने फोटो नव्याने फिरतात. घोडबंदर रोडवर आता मेट्रोचे खांब उभे आहेत. ‘घोडबंदर, आत्ता’ म्हणून आलेल्या फोटोत जिथे खांब असायला हवेत तिथे मोकळं आकाश असेल तर पुढे काही तपासायची गरजच नाही.

वाचकाकडून आलेला फोटो असेल तर डेस्कवर मूळ फाइल मागतात, तीही व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगतात. साध्या पद्धतीने पाठवला की फोटो आवळला जातो आणि कॅमेऱ्याने आत लिहिलेली तारीख, वेळ, जागा निघून जाते. उरतं ते फक्त `IMG-20240708-WA0012.jpg` असं नाव. त्यातली तारीख बघून ‘८ जुलैचाच आहे, बघा ना’ असं सांगणारे बरेच भेटतात. पण ती तारीख फोटो त्या मोबाइलवर व्हॉट्सअॅपमधून आला त्या दिवशीची असते. फोटो २६ जुलै २००५ चा असला तरी नाव आजचंच पडतं.